सहकारी संस्था की उत्पादक कंपनी? नोंदणीच्या आधी मालकी, मत आणि नफ्याचा हिशेब कसा मांडावा

लहान उत्पादकांचे गट बहुतेक वेळा उलट क्रमाने काम करतात. आधी कोणीतरी सांगते की अनुदान कंपनीलाच मिळते, मग घाईने नोंदणी होते, आणि मालक कोण, मत कोणाला, नफा कशावर वाटायचा हे प्रश्न पहिल्या वार्षिक सभेत भांडणाच्या रूपाने समोर येतात. तोपर्यंत कंपनीचे आर्टिकल्स किंवा सहकारी संस्थेचे उपविधी, म्हणजे अंतर्गत नियम, मंजूर झालेले असतात आणि ते बदलण्यासाठी लागणारे बहुमत त्याच माणसांच्या हातात असते ज्यांना बदल नको असतो. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. नोंदणीचा अर्ज शेवटच्या टप्प्यात येतो, आणि ते मुद्दाम आहे.

सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. सिंधुदुर्गातल्या एका काल्पनिक गटात ६० काजू बागायतदार आहेत. ते मिळून हंगामाला ३०,००० किलो काजू बी एकत्र करतात, सुकवतात, प्रतवारी करतात आणि कारखान्याला विकतात. गटाचे भागभांडवल ५ लाख रुपये आहे.

## टप्पा १ : आधी माणसे आणि माल मोजा

एका वहीत प्रत्येक उत्पादकापुढे तीन आकडे लिहावेत: मागच्या दोन हंगामांत त्याने प्रत्यक्ष किती बी विकली, त्यातली किती तो गटाकडे द्यायला तयार आहे आणि तो किती रुपयांचे शेअर घेऊ शकतो. चौथ्या रकान्यात त्याचा दुसरा धंदा लिहावा. हा रकाना लोकांना खोचक वाटतो, पण तोच सर्वांत उपयोगी पडतो. गावात जो बागायतदार असतो तोच कधीकधी बाहेरच्या व्यापाऱ्यासाठी बी गोळा करत असतो. उत्पादक कंपनीच्या कायद्यानुसार, कंपनीच्या व्यवसायाशी ज्याचे हितसंबंध टकरावतात अशी व्यक्ती सभासद होऊ शकत नाही आणि नंतर तसे हितसंबंध निर्माण झाले तर सभासदत्व जाते. अशा माणसाला प्रवर्तक म्हणून पुढे केले, तर पुढे त्याला काढताना गट फुटतो.

तपासणी : वहीतली ‘गटाकडे द्यायला तयार’ या रकान्याची बेरीज प्रत्यक्ष विक्रीच्या निम्म्याहून कमी येत असेल, तर अजून संस्थेची वेळ आलेली नाही. एक हंगाम नोंदणीशिवाय, लेखी हिशेब ठेवून एकत्र विक्री करून पाहावी.

## टप्पा २ : ‘कंपनी’ म्हणजे कोणती कंपनी, हे ठरवा

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. ‘कंपनी काढू’ असे म्हणून गट सल्लागाराकडे जातो आणि साधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊन परत येतो. उत्पादकांसाठी कंपनी कायद्यात वेगळा प्रकार आहे. तो प्रथम १९५६ च्या कायद्यात नववा-अ भाग म्हणून २००२ च्या दुरुस्तीने आला आणि आता २०१३ च्या कायद्यात एकविसावे-अ प्रकरण म्हणून, कलम ३७८-अ पासून पुढे आहे. अशा कंपनीच्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ असे शब्द असतात. नावात ‘शेतकरी’ किंवा ‘ॲग्रो’ असून ‘प्रोड्यूसर’ नसेल, तर ती साधी कंपनी आहे असे समजावे.

म्हणजे निवड दोघांत नसून तिघांत आहे: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालची सहकारी संस्था, उत्पादक कंपनी आणि साधी कंपनी. साध्या कंपनीत मालकी आणि मत भांडवलाच्या मागे जाते, तर उरलेल्या दोन प्रकारांत कायद्याने ती वाट बरीचशी बंद केली आहे. लहान उत्पादकांच्या गटाने साधी कंपनी मुख्य संस्था म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती नंतर उपकंपनी म्हणून उपयोगी पडू शकते, त्याचा उल्लेख पुढे येईल.

किमान संख्या दोन्हीकडे दहाची आहे, पण अर्थ वेगळा आहे. सहकारी संस्थेसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतल्या आणि कार्यक्षेत्रात राहणाऱ्या किमान दहा व्यक्ती लागतात. उत्पादक कंपनीत दहा व्यक्ती उत्पादक असाव्या लागतात, किंवा दोन उत्पादक संस्था एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. उत्पादक या शब्दात शेती, फळबाग, पशुपालन, मत्स्यपालन, वनोपज आणि मधमाशीपालन यांच्यासोबत हातमाग, हस्तकला आणि कुटीरोद्योग करणारेही येतात. त्यामुळे कुंभार, बुरूड किंवा विणकर यांच्या गटालाही हा मार्ग खुला आहे.

इशारा : अनुदान फक्त कंपनीला मिळते ही समजूत तपासून घ्यावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेतही कंपनी आणि सहकारी संस्था अशा दोन्ही नोंदण्या चालत होत्या. ज्या योजनेसाठी धावपळ चालली आहे तिची मार्गदर्शक सूचना स्वतः वाचावी, आणि दलालाच्या तोंडी सांगण्यावर संस्थेचा प्रकार ठरवू नये.

## टप्पा ३ : मालकीचे चार प्रश्न लेखी सोडवा

शेअर घेणारा मालक होतो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. वाद होतात ते किती शेअर, कोणाला विकता येतात, मेल्यावर काय आणि माल देणे थांबवल्यावर काय, या चार प्रश्नांवर.

पहिला प्रश्न कमाल मर्यादेचा. सहकारी कायद्यात शासन किंवा दुसरी संस्था वगळता कोणाही सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त हिस्सा ठेवता येत नाही. उत्पादक कंपनीच्या कायद्याची दिशा वेगळी आहे. तिथे सभासदाचे शेअर शक्यतो त्याच्या व्यवहाराच्या प्रमाणात असावेत, असे म्हटले आहे. हे वाक्य बहुतेक गट वाचत नाहीत. आपल्या उदाहरणात ‘दर १०० किलोमागे अमुक शेअर’ असे सूत्र आर्टिकल्समध्ये घातले, तर जास्त बी देणारा जास्त भांडवल घालतो आणि कमी बी देणाऱ्यावर भार पडत नाही.

दुसरा प्रश्न विक्रीचा. उत्पादक कंपनीचा शेअर संचालक मंडळाच्या मंजुरीने फक्त सक्रिय सभासदालाच, आणि दर्शनी किमतीलाच हस्तांतरित करता येतो. कंपनी दहा वर्षांत कितीही वाढली तरी १०० रुपयांचा शेअर हजाराला विकता येणार नाही. सहकारी संस्थेतही शेअर किमान एक वर्ष धारण केल्यावर, सभासदाला किंवा सभासद म्हणून स्वीकारलेल्या व्यक्तीलाच देता येतो. ‘कंपनी आहे म्हणजे शेअरची किंमत वाढेल’ असे सांगून भांडवल गोळा करणे ही सभासदांची फसवणूक ठरेल, मग सांगणाऱ्याला ते ठाऊक असो वा नसो.

याच कारणामुळे बाहेरचा गुंतवणूकदार थेट उत्पादक कंपनीत येऊ शकत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूक आली ती मूळ उत्पादक कंपनीत नव्हे, तर काढणीपश्चात प्रक्रियेच्या उपकंपनीत. साध्या कंपनीचा खरा उपयोग तिथे आहे. पण ६० बागायतदारांच्या गटाने पहिल्याच दिवशी त्या रचनेचा विचार करण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न वारसाचा. उत्पादक कंपनीत सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नामनिर्देशन करणे बंधनकारक आहे. नामनिर्देशित व्यक्ती स्वतः उत्पादक नसेल, तर मंडळाला तिला शेअर परत करायला सांगावे लागते. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचे नाव लिहिणाऱ्या वडिलांना हे आधीच सांगावे. सहकारी संस्थेतही नामनिर्देशनपत्र पहिल्या दिवशी भरून घ्यावे, कारण ते नसेल तर वारसाचा वाद संस्थेच्या दारात येतो.

चौथा प्रश्न निष्क्रिय सभासदाचा. किती किलो आणि किती हंगाम माल दिला म्हणजे सभासद सक्रिय मानायचा, हा आकडा कायदा देत नाही. तो गटाने स्वतः ठरवून लिहायचा असतो. आपल्या गटासाठी मी ‘स्वतःच्या उत्पन्नापैकी निम्मी बी, सलग दोन हंगामांपैकी किमान एकात’ अशी अट सुचवेन. अवकाळी पावसाने किंवा मोहोर करपल्याने एक हंगाम बुडाला, तर माणूस बाहेर फेकला जाऊ नये. सहकारी कायद्यातल्या सक्रिय सभासदाच्या तरतुदींमध्ये गेल्या काही वर्षांत दुरुस्त्या झाल्या आहेत. म्हणून जुने छापील उपविधी उतरवून न घेता सहायक निबंधकांच्या कार्यालयातून आज लागू असलेले आदर्श उपविधी घ्यावेत.

## टप्पा ४ : मताचा नियम आणि गणपूर्ती

एक सभासद, एक मत हा सहकारी संस्थेचा नियम आहे, शेअर कितीही असोत. सभासदाने स्वतः मत द्यावे लागते, प्रतिनिधी पाठवून चालत नाही. सगळे सभासद व्यक्ती असलेल्या उत्पादक कंपनीतही नेमका हाच नियम आहे. म्हणजे ‘कंपनीत ज्याचा पैसा त्याचे राज्य’ ही भीती उत्पादक कंपनीला लागू नाही, साध्या कंपनीला आहे. अपवाद एकच: सभासद केवळ उत्पादक संस्था असतील, तर मताचे प्रमाण मागच्या वर्षीच्या व्यवहारावर ठरवता येते. बचतगटांचे किंवा अनेक छोट्या संस्थांचे फेडरेशन करताना हा मुद्दा मोठा ठरतो.

मग फरक कुठे आहे? उत्पादक कंपनीच्या आर्टिकल्समध्ये मतदानाचा हक्क फक्त सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो, आणि तसा तो ठेवावाच. नाहीतर पाच वर्षांनी बी न देणारे चाळीस जण बी देणाऱ्या वीस जणांचा भाव ठरवतील.

दुसरा फरक गणपूर्तीचा. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी किमान एक चतुर्थांश हजर लागतात. ६० सभासदांत १५ सहज जमतात. पण योजनेच्या लक्ष्यासाठी सभासदसंख्या ६०० वर नेली की १५० माणसे एका दिवशी एका मांडवात आणावी लागतात. कागदावर फुगवलेली सभासदसंख्या नेमकी इथे अडते, आणि मग हजेरीपटावर खोट्या सह्या सुरू होतात.

संचालक मंडळाच्या रचनेतही फरक आहे. उत्पादक कंपनीत किमान ५ आणि कमाल १५ संचालक असतात, तर सहकारी संस्थेची समिती जास्तीत जास्त २१ जणांची असू शकते. तिच्यात महिला आणि मागास घटकांसाठी कायद्याने राखीव जागा असतात आणि निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या अधिकारात होते. काहींना हा सरकारी हस्तक्षेप वाटतो. माझा अनुभव असा की ज्या गावात दोन घराण्यांचे हाडवैर आहे तिथे बाहेरच्या यंत्रणेने घेतलेली निवडणूक हीच संस्था टिकण्याची अट असते.

तपासणी : ‘पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलायचा असेल तर नेमके काय करावे लागेल?’ हा प्रश्न कोणत्याही सभासदाला विचारावा. त्याला उत्तर देता येत नसेल, तर मतदानाचे कलम अजून समजावून झालेले नाही.

## टप्पा ५ : नफा वाटून पाहा, कागदावर

इथे घाई करू नये. खोटे आकडे घेऊन एक वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडावा.

आपल्या गटात तीन सभासद घेऊ. ‘अ’चे शेअर ५०,००० रुपयांचे आहेत, बी ३०० किलो. ‘ब’चे शेअर ५,००० रुपयांचे, बी १,५०० किलो. ‘क’चे शेअर १०,००० रुपयांचे आणि बी शून्य, कारण त्याने यंदा व्यापाऱ्याला दिली. वर्षअखेर सगळा खर्च आणि कर वजा जाता ३ लाख रुपये नफा उरला.

साध्या कंपनीत ७५,००० रुपये राखून उरलेले २,२५,००० रुपये भांडवलाच्या प्रमाणात वाटले, असे धरू.

सहकारी संस्थेत निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश राखीव निधीला द्यावा लागतो, म्हणजे ७५,००० रुपये. शिक्षण निधी आणि इतर निधींसाठी २५,००० रुपये धरले. लाभांशावर साधारणपणे १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. आपण १० टक्के, म्हणजे ५०,००० रुपये दिले. उरलेले १,५०,००० रुपये व्यवहारावर आधारित बोनस म्हणून वाटले, म्हणजे किलोला ५ रुपये. कायदा असा बोनस देऊ देतो, पण उपविधीत तरतूद आणि वार्षिक सभेची मंजुरी दोन्ही हवीत.

उत्पादक कंपनीत सर्वसाधारण राखीव निधी बंधनकारक आहे. भांडवलावरचा परतावा ‘मर्यादित’ असतो आणि त्याची कमाल आर्टिकल्समध्ये लिहिलेली असते. आपल्या आर्टिकल्समध्ये ती ६ टक्के आहे असे धरू, म्हणजे ३०,००० रुपये. राखीव निधीला ६०,००० दिले. उरलेले २,१०,००० रुपये व्यवहाराच्या प्रमाणात, म्हणजे किलोला ७ रुपये, बोनस म्हणून गेले.

| सभासद | साधी कंपनी | सहकारी संस्था | उत्पादक कंपनी |
|---|---|---|---|
| अ | २२,५०० | ६,५०० | ५,१०० |
| ब | २,२५० | ८,००० | १०,८०० |
| क | ४,५०० | १,००० | ६०० |

हा तक्ता पाहून लगेच ‘उत्पादक कंपनी चांगली’ असा निष्कर्ष काढू नये. शेवटच्या दोन रकान्यांतला फरक कायद्यापेक्षा आपण निवडलेल्या टक्क्यांमुळे जास्त आहे. सहकारी संस्थेने लाभांश ६ टक्के ठेवला असता तर तिचा बोनसही वाढला असता. कायद्याने पडणारा फरक एवढाच की सहकारी संस्थेत राखीव निधीचा वाटा आणि लाभांशाची कमाल कायदा ठरवतो, तर उत्पादक कंपनीत हे आकडे गटाला स्वतः लिहावे लागतात. जो गट तयार नमुना उतरवतो, त्याच्यासाठी ते आकडे सल्लागार लिहितो.

नफ्याच्याही आधी एक गोष्ट घडते, ती म्हणजे मालाचा पहिला भाव. उत्पादक कंपनी बी घेताना मंडळाने ठरवलेला भाव देते आणि काही रक्कम रोखून ठेवू शकते. ही रोखलेली किंमत नंतर रोख, वस्तुरूपाने किंवा शेअरच्या रूपात, दिलेल्या मालाच्या प्रमाणात देता येते. दूध संस्थांच्या सभासदांना दूधफरक परिचयाचा आहे, कल्पना तीच. पण रोखलेली किंमत आणि नफ्यातून दिलेला बोनस या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पावतीवर ‘आगाऊ भाव’ आणि ‘रोखलेली रक्कम’ असे दोन रकाने छापले नाहीत, तर वर्षअखेर कोणाचे किती देणे आहे हे सीएलाही सांगता येत नाही.

इशारा : पहिल्या भावात सगळा पैसा वाटून टाकणारा गट वर्षअखेर नफा दाखवूच शकत नाही, आणि बाजार पडला तर भांडवल खातो. बाजारभावाच्या थोडे खालीच सुरुवात करावी. पण रोखलेली रक्कम केव्हा मिळणार ती तारीख पावतीवरच लिहावी, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात माल व्यापाऱ्याकडे जाऊ लागतो.

## टप्पा ६ : दरवर्षीचा भार पेलेल का?

उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी असू शकत नाही. त्याचा पगार पहिल्या वर्षापासून हिशेबात धरावा. दर तीन महिन्यांत किमान एक संचालक बैठक, सीएकडून अंतर्गत लेखापरीक्षण आणि कंपनी निबंधकांकडे वार्षिक विवरणपत्रे, म्हणजे `AOC-4` आणि `MGT-7`, हे चुकत नाही. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क बसते. सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. अनुदान संपल्यावर बंद पडलेल्या कंपन्यांचे संचालक बहुतेक वेळा याच कारणाने अडकलेले असतात, आणि त्यांना ते कर्ज किंवा नवी संस्था घेताना कळते.

सहकारी संस्थेत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा आणि निबंधकांकडे विवरणे हा भार आहे. शुल्काचा भाग हलका असतो, पण निबंधकांना चौकशीचे आणि समिती दूर करण्याचे अधिकार असतात. सभासद आणि संस्था यांच्यातले वाद सहकार न्यायालयात जातात. तालुक्याच्या गावी कार्यालय असणे ही सोय आहे, आणि कधीकधी अडचणही तीच असते.

आपल्या ६० जणांच्या गटाचा वार्षिक वाढावा ३ लाख असेल आणि तो कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार धरण्याआधीचा असेल, तर कंपनीत तो वाढावा पगारातच संपेल. अशा गटाने सहकारी संस्था घ्यावी किंवा शेजारच्या गटांसह एकत्र कंपनी काढावी. परजिल्ह्यात, गोव्यात किंवा निर्यातीसाठी माल जाणार असेल, उलाढाल पगार पेलत असेल आणि कार्यक्षेत्र तालुक्यापलीकडे असेल, तर कंपनी सोयीची पडते.

इशारा : ‘आधी संस्था काढू, नंतर कंपनीत बदलू’ या भरवशावर राहू नये. उत्पादक कंपनीत रूपांतराची कायद्यातली तरतूद आंतरराज्य सहकारी संस्थांसाठी आहे. एका जिल्ह्यापुरत्या संस्थेला ती वाट मिळत नाही.

## टप्पा ७ : आता नोंदणी

सहकारी संस्थेसाठी क्रम असा: प्रवर्तकांची सभा आणि मुख्य प्रवर्तकाची निवड, नावाला आणि बँक खात्याला निबंधकांची मान्यता, भागभांडवल बँकेत जमा, मग नमुना ‘अ’मधला अर्ज उपविधींसह. अर्ज परिपूर्ण असेल तर निबंधकांनी दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. भांडवल मुख्य प्रवर्तकाच्या खासगी खात्यात एक दिवसही ठेवू नये.

उत्पादक कंपनीसाठी आधी संचालकांच्या डिजिटल सह्या, मग `SPICe+` फॉर्म, सोबत मेमोरँडम, आर्टिकल्स आणि प्रत्येक प्रवर्तक उत्पादक असल्याचा पुरावा. काजू बागायतदारासाठी सातबारा चालतो. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर स्वतः उत्पादक असल्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. नोंदणी झाल्यावर दोन मुदती सुरू होतात. ९० दिवसांत पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, तिच्यात आर्टिकल्स स्वीकारले जातात आणि संचालक नेमले जातात. १८० दिवसांत शेअरचे पैसे बँकेत आल्याचे `INC-20A` मधले निवेदन भरायचे असते, त्याशिवाय व्यवसाय सुरू करता येत नाही. फेब्रुवारीत बी पडायला लागते. म्हणून कंपनीचा अर्ज पावसाळ्याच्या शेवटी केला, तर खळ्यावर पहिले पोते येईपर्यंत ही दोन्ही कामे उरकता येतात.